नुसतं ‘याचं मराठी करून द्या’ म्हटलं की

बारा पानांची पीडीएफ आली. पानं म्हणजे मोबाइलवर काढलेले फोटो, एकापुढे एक जोडलेले. पुस्तकाची घडी उलगडली नव्हती, त्यामुळे शिवणीकडच्या ओळींची टोकं वाकून सावलीत गेलेली. मुखपृष्ठ नाही, अनुक्रमणिका नाही. प्रकरण उष्णतेचं आहे हे पहिल्या मथळ्यावरून कळलं. सोबत एकच ओळ होती: ‘याचं मराठी करून द्या.’

शास्त्रीय मजकुराचं भाषांतर करणाऱ्यांना हा निरोप नवा नाही. कुणासाठी, कुठल्या इयत्तेसाठी, छापायचंय की मुलीला रात्री वाचून दाखवायचंय, यातलं काही सांगितलेलं नसतं. विचारता आलं तर विचारावंच, आणि प्रश्न एकच पुरतो: वाचणारा सध्या कुठलं पुस्तक वापरतोय? पण बऱ्याचदा उत्तर येत नाही, किंवा ‘साधं सोपं करा’ असं येतं. अशा वेळी गृहीत काय धरायचं, यावर भाषांतर करणाऱ्यांत तीन तऱ्हा दिसतात. काही जण प्रकरणाचा गोषवारा लिहून देतात. काही जण ते आपल्याकडचं करून टाकतात, म्हणजे उदाहरणं बदलतात आणि अधूनमधून समजावणीची वाक्यं घालतात. बाकीचे पानावर आहे तेवढंच, पण सगळं देतात: मथळे, चौकटी, आकृत्यांखालच्या ओळी, सोडवलेली उदाहरणं, शेवटचे प्रश्न. मी तिसऱ्या गटातला. दुसरं काही हवं असेल तर ते मागणाऱ्यानं सांगायचं असतं. छापून विकायचं असेल तर परवानगीचाही प्रश्न येतो, कारण 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात भाषांतराचा हक्कही मूळ हक्कदाराकडेच ठेवलेला आहे.

उदाहरणं आपल्याकडची करण्याचा मोह समजण्यासारखा आहे, पण शास्त्रात तो नडतो. या प्रकरणात थंड प्रदेशातल्या तळ्याचं उदाहरण होतं. हिवाळ्यात तळं वरून गोठतं, खाली पाणी राहतं आणि मासे जगतात. महाराष्ट्रातल्या मुलाला तळं गोठलेलं कुठं दिसणार, म्हणून तिथं विहीर किंवा माठ घालावा असं एखाद्याला वाटेल. पण ते उदाहरण सजावटीसाठी आलेलं नाही. पाण्याची घनता 4 °C ला सर्वांत जास्त असते, म्हणून त्याहून थंड पाणी वर राहतं आणि बर्फ वरून धरतो, हे दाखवायला गोठणारं तळंच लागतं. विहीर घातली की उदाहरण घरचं होतं आणि भौतिकशास्त्र निघून जातं.

शब्दांकडे वळण्याआधी स्कॅनशी दोन हात करावे लागतात. फोटोवरून मजकूर उचलणारं ओसीआर इंग्रजी शब्द बऱ्यापैकी वाचतं, चुकतं ते छोट्या खुणांपाशी. अंशाचं वर्तुळ शून्य होऊन बसतं, त्यामुळे 20 °C चं 200C होतं. बर्फाच्या तापमानापुढची फिकट वजाबाकीची खूण गळते, आणि नेहमीच्या दाबाला 10 °C वर असलेला बर्फ असा चमत्कार समोर येतो. बाजूच्या चौकटीतली ओळ मुख्य वाक्याच्या पोटात शिरते. सर्वांत घातक म्हणजे घातांक. दहाचा पाचवा घात वर उचलून छापलेला असतो, तो खाली बसतो आणि 105 होतो. अशा चुका नुसत्या नजरेला सापडत नाहीत, कारण 105 ही दिसायला अगदी सभ्य संख्या आहे. त्या गणित करून पाहिल्यावर सापडतात.

या प्रकरणातलं एक सोडवलेलं उदाहरण घेऊ. 0 °C वरचा पाव किलो बर्फ वितळवून त्याचं 20 °C चं पाणी करायला किती उष्णता लागेल? ओसीआरमधून आलेल्या मजकुरात बर्फ वितळण्याचा विशिष्ट अप्रकट उष्मा 3.36 x 105 J/kg असा होता, आणि उत्तर 1.05 x 105 J. आता 105 ला एकशे पाच मानून पाहा. नुसत्या वितळण्यालाच 0.25 × 3.36 × 105 म्हणजे साधारण 88 ज्यूल लागतील. एवढ्या उष्णतेनं पाव किलो पाणी एका अंशाच्या दहाव्या भागानंही तापत नाही. घातांक वर नेला की हिशेब जुळतो. वितळायला 0.25 × 3,36,000 म्हणजे 84,000 ज्यूल. पुढं 20 अंश तापायला 0.25 × 4,200 × 20 म्हणजे 21,000 ज्यूल. बेरीज 1,05,000, म्हणजेच 1.05 × 10⁵ J. गंमत अशी की या उत्तराचे खरे आकडेही 1, 0, 5 हेच आहेत, त्यामुळे घाईत वाचणाऱ्याला 105 दोन्हीकडे बरोबरच वाटतं. प्रत्येक सोडवलेलं उदाहरण भाषांतराआधी स्वतः करून पाहायचं ही सवय मी अशाच एका प्रकरणानंतर लावून घेतली.

इथंच दुसरा सापळा आहे, आणि तो शहाण्या माणसासाठी लावलेला आहे. आजच्या बऱ्याच पुस्तकांत बर्फाचा हा आकडा 3.34 × 10⁵ असतो. मग 3.36 पाहून एखादा जाणकार भाषांतरकार तो ‘दुरुस्त’ करतो. पण 3.36 ही चूक नाही. बर्फासाठी ग्रॅममागे 80 कॅलरी धरायच्या आणि एक कॅलरी 4.2 ज्यूलची मानायची, की बरोबर 336 येतात. 4.18 मानली तर 334. लेखकानं सगळीकडे 4.2 घेतलंय, सोडवलेल्या उदाहरणांची उत्तरंही त्यावरच बेतलेली आहेत. एक आकडा बदलला की वरच्या उदाहरणाचं उत्तर 1,04,500 होतं आणि पुस्तकातल्या उत्तराशी जुळत नाही. तेव्हा फरक असा करायचा: स्कॅननं केलेली चूक गुपचूप दुरुस्त करावी, कारण ती लेखकाची नाहीच. लेखकाची किंवा छपाईची चूक वाटली तर मजकूर आहे तसा ठेवून वेगळ्या चिठ्ठीत सांगावं.

आता परिभाषा. मराठीत शब्द नाहीत ही तक्रार जुनी आहे आणि बहुतांशी खोटी आहे. अडचण उलटी आहे, एकेका कल्पनेला तीन-तीन शब्द आहेत. राज्याचं भाषा संचालनालय 1960 मध्ये स्थापन झालं आणि त्यानं विषयवार परिभाषा कोश काढले. केंद्राचा वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग 1961 चा. मराठी विश्वकोशाचा परिभाषासंग्रह तर 1973 मध्ये, पहिल्या खंडाच्याही आधी आला, कारण नोंदी लिहायच्या तर आधी शब्द ठरायला हवेत हे तिथल्या मंडळींना कळलं होतं. या सगळ्यांच्या जोडीला बालभारतीची पाठ्यपुस्तकं. प्रत्येकानं आपापल्या काळात, आपापल्या समितीत बसून शब्द निवडले, आणि ते सगळेच आज एकाच वेळी बाजारात आहेत.

लॅटेंट हीटचंच पाहा. जुन्या पुस्तकांत सुप्त उष्णता सापडते, कुठं गुप्त उष्णता, आणि 2018 पासून शाळेत असलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात अप्रकट उष्मा. तिन्ही शब्द चांगले आहेत. माझ्या कानाला ‘सुप्त’ जास्त गोड लागतो, उष्णता झोपलीय आणि पाणी पुन्हा गोठताना जागी होऊन बाहेर पडणार असं चित्र त्यात आहे. पण माझा कान इथं गैरलागू आहे. मूल शाळेत अप्रकट उष्मा वाचतंय, परीक्षेत तोच शब्द येणार, म्हणून भाषांतरातही तोच. असंच रिफ्रॅक्शनचं. माझ्या पिढीला वक्रीभवन माहीत, आजच्या पुस्तकात अपवर्तन आहे. आपण शाळेत शिकलो तो शब्द आपल्याला नैसर्गिक वाटतो, आणि नेमका त्याच शब्दापाशी वाचणारा अडखळतो.

कोशाकडे जावं ते पाठ्यपुस्तकात शब्द नसेल तेव्हा. महाविद्यालयीन प्रकरण असेल तर मात्र क्रम उलटतो, तिथं परिभाषा कोश आधी. दोन्हीकडे न सापडणारे शब्द थोडेच असतात. तेवढ्यांसाठी नवा संस्कृत शब्द घडवत बसण्यापेक्षा इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून एका वाक्यात अर्थ सांगितलेला बरा. रसायनात हा वाद कधीच निकाली निघाला आहे. प्राणवायू आणि नत्र बोलण्यात उरले, पण पुस्तकात ऑक्सिजन आणि नायट्रोजन आले. शब्दावली आयोगाचं धोरणही असंच आहे: मूलद्रव्यांची नावं, एककं, माणसांच्या नावावरून पडलेले शब्द आणि चिन्हं आंतरराष्ट्रीयच ठेवायची, आणि कल्पना सांगणाऱ्या शब्दांचं भाषांतर करायचं. म्हणून ज्यूल, केल्विन, कॅलरी तशीच राहतात, सूत्रातलं Q = mL रोमन लिपीतच राहतं, पण बाष्पीभवन मराठीत येतं.

या सगळ्याहून चोरपावलांनी येते ती हिंदी. इंटरनेटवर देवनागरीत शोधलं की निम्मी उत्तरं हिंदी असतात, आणि शब्द संस्कृतातून आलेले असल्यामुळे परके वाटत नाहीत. हिंदी भौतिकशास्त्रात ताप म्हणजे टेंपरेचर. मराठीत तो शब्द वापरला तर बर्फाला ताप आला असं वाक्य होतं. हिंदीत वस्तुमानाला द्रव्यमान म्हणतात, विद्युत रोधाला प्रतिरोध. उष्णता पसरण्याचे तीन प्रकार हिंदीत चालन, संवहन, विकिरण. मराठी शाळेत वहन, अभिसरण, प्रारण. यातलं संवहन फार फसवं आहे. त्यात वहन दिसतं, म्हणून मराठी वाचणारा तो पहिला प्रकार समजतो, आणि हिंदीत तो दुसरा आहे. पातेल्यातलं पाणी तळापासून वर चढतं ते अभिसरण, आणि डावाचा दांडा हाताला चटका देतो ते वहन. शब्दाची अदलाबदल झाली तर मुलाला दोन्ही उलटे पाठ होतील आणि चूक कुठून शिरली हे कुणालाच कळणार नाही. ओळखायची खूण अशी की एखादा शब्द आपल्याला संस्कृत म्हणून कळतो, पण कुठल्याच मराठी पुस्तकात भेटल्याचं आठवत नाही. तसं झालं की थांबून तपासावं.

इंग्रजी शब्द सोबत द्यायचा की नाही, यावरही दोन तट आहेत. प्रत्येक वेळी कंसात दिला तर पान चाळणीसारखं होतं. अजिबात दिला नाही तर सेमी-इंग्रजीचं मूल, जे विज्ञान इंग्रजीतून आणि इतिहास मराठीतून शिकतं, ते अप्रकट उष्म्यापाशी अडतं. शिवाय अकरावीला विज्ञान घेणाऱ्या बहुतेकांना पुढं इंग्रजीच पुस्तक हाती घ्यावं लागतं. म्हणून मी शब्द पहिल्यांदा येतो तिथं ठळक करून शेजारी इंग्रजी देतो, नंतर प्रकरणभर नुसता मराठी, आणि शेवटी एका पानावर जोड्यांची यादी. ही यादी खरं तर काम सुरू करण्याआधी करायची असते. बारा पानं एकदा वाचून शब्द वेचले तेव्हा साठेक निघाले. त्यातले पन्नास विनातक्रार बसले. वेळ गेला तो उरलेल्या दहांवर.

त्या दहांतले निम्मे तर कठीण शब्दच नव्हते. बर्फ वितळतो की विरघळतो? घरात आपण दोन्ही म्हणतो. पण या प्रकरणात बर्फ पाण्याचं रूप घेतो आणि मीठ पाण्यात मिसळून दिसेनासं होतं, या दोन वेगळ्या गोष्टी एकाच पानावर आहेत, कारण मिठानं बर्फाचा द्रवणांक खाली येतो हे सांगायचंय. तेव्हा बर्फासाठी कायम वितळणे, मिठासाठी कायम विरघळणे, आणि घरची सवय त्या बारा पानांपुरती बाजूला. उलट दिशेलाही असंच होतं. इंग्रजीतल्या एका फ्रीझसाठी आपल्याकडे पाणी गोठतं आणि तूप थिजतं. थिजणे हा सुरेख शब्द आहे, खोबरेल तेलाच्या उदाहरणात मी तो ठेवलाही असता, पण मग गोठणांकाशी त्याचा धागा तुटतो. शेवटी तेलही गोठलं. जरा वाईट वाटलं.

‘विशिष्ट’ या शब्दानं सर्वांत जास्त छळलं. विशिष्ट उष्माधारकता या संज्ञेत विशिष्ट म्हणजे एकक वस्तुमानामागे. पण रोजच्या मराठीत विशिष्ट म्हणजे अमुक एक. इंग्रजी लेखकानं तोच शब्द साध्या अर्थानंही वापरला होता: प्रत्येक पदार्थ एका ‘विशिष्ट’ तापमानाला उकळतो. दोन्ही ठिकाणी विशिष्ट लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटणार की उकळण्याच्या तापमानाचाही वस्तुमानाशी काही संबंध आहे, आणि तो तर नाही. म्हणून संज्ञेत विशिष्ट राखून ठेवला आणि इतरत्र ठरावीक लिहिलं. शब्द एकदा संज्ञा झाला की त्या प्रकरणात त्याला दुसरं काम देऊ नये. कार्य आणि काम, शक्ती आणि बल, पदार्थ आणि वस्तू या जोड्यांतही हीच शिस्त पाळावी लागते.

वाफ आणि बाष्प यांचं वेगळंच. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका जास्त का लागतो, हा प्रश्न जवळपास प्रत्येक पुस्तकात असतो. 100 °C ची वाफ त्वचेवर पाणी होताना ग्रॅममागे सुमारे 540 कॅलरी सोडते, आणि मग ते पाणी थंड होताना आणखी काही. इथं वाफच हवी, स्वयंपाकघरातली, झाकण उचलताना हात भाजणारी. पण दोरीवरचे कपडे वाळताना हवेत जातं ते पाण्याचं बाष्प, आणि आर्द्रतेच्या भागात वाफ लिहिलं तर वाचणारा उकळत्या किटलीकडे बघायला लागतो. मराठीनं दोन शब्द दिलेत तर दोन्ही वापरावेत, आपापल्या जागी.

संज्ञा बसल्या तरी वाक्य इंग्रजीच राहू शकतं. पहिल्या खेपेला माझ्याच हातून असं वाक्य उतरलं: ‘वितळण्याच्या प्रक्रियेदरम्यान पदार्थाद्वारे शोषली गेलेली उष्णता ही त्याच्या तापमानात वाढ करण्याऐवजी रेणूंमधील आकर्षण बलावर मात करण्यासाठी वापरली जाते.’ शब्द एकही चुकलेला नाही, आणि मराठीही एक ओळ नाही. फोडून असं केलं: ‘बर्फ वितळत असताना त्याला उष्णता मिळतच असते, पण तापमान वाढत नाही. ही उष्णता रेणूंना एकमेकांशी धरून ठेवणाऱ्या आकर्षणाविरुद्ध खर्च होते. सगळा बर्फ वितळला, की मगच पाण्याचं तापमान वाढू लागतं.’ शेवटचं वाक्य मी घातलेलं नाही. ते मूळ परिच्छेदात दोन ओळी खाली होतं, क्रम जुळल्यामुळे जवळ आलं. एवढी मोकळीक मी घेतो. वाक्य फोडावं, जोडावं, सरकवावं, पण परिच्छेदात नसलेलं काही त्यात येऊ देऊ नये.

आकृत्यांचं थोडक्यात. तापमान आणि वेळ यांच्या आलेखावर A, B, C, D असे बिंदू होते. त्यांना अ, ब, क, ड केलं की मजकुरातल्या ‘BC या भागात’ या उल्लेखाशी फारकत होते, आणि चित्र तर आपण पुन्हा काढत नसतो. अक्षरं तशीच ठेवून अक्षांची नावं तेवढी आकृतीखाली मराठीत दिली.

काम परत पाठवताना सोबत चार ओळींची चिठ्ठी जोडली. शब्द दहावीच्या पुस्तकाप्रमाणे घेतलेत, दुसरं पुस्तक असेल तर सांगा म्हणजे यादीवरून बदलून देतो. पान 7 वर शिवणीकडचा एक शब्द दिसत नाही, तिथं रिकामी जागा ठेवलीय, फोटो पुन्हा पाठवा. बर्फासाठी 3.36 घेतलंय ते मूळ पुस्तकातलंच आहे. प्रश्न 11 मध्ये बर्फाचं तापमान 5 °C छापलंय, वजाबाकीची खूण राहिली असावी, पण स्कॅनमध्ये नीट पाहिलं तरी ती नाही, म्हणून तसंच ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. पान 7 चा फोटो होता, या वेळी घडी उघडून, उजेडात काढलेला. खाली एक ओळ: ‘छान झालंय, पण शेवटच्या प्रश्नांची उत्तरं नाही लिहिलीत?’

प्रश्नांचं मराठी केलं होतं. उत्तरं पानावर नव्हती.